आंबवणाचं नाव, मूडप्रमाणे

सावरडो ब्रेड फुगवणाऱ्या पीठ-पाण्याच्या आंबवणाला आमच्या घरी एक नाव पुरत नाही. बरणीला रबर लावून ठेवलंय. पीठ-पाणी घातल्यावर पातळी जिथे असेल तिथे रबर, आणि त्यावरून नाव ठरतं. दुप्पट फुगून माथा घुमटासारखा झाला की ‘फुगोबा’, ब्रेड मळायचा तो तेव्हाच. माथा खचला, काचेवर ओघळ राहिले, वर करडं पाणी सुटलं की ‘रुसूबाई’. ती खराब झालेली नसते, भुकेली असते. फ्रिजमध्ये असेल तर ‘कुंभकर्ण’.

सोलापूरच्या मे महिन्यात ही नावं फार कामाला येतात. आंबवणाइतकंच पीठ आणि तितकंच पाणी घातलेला फुगोबा तीन-चार तासांत रुसूबाई होतो. परवा दुपारी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, “अगं, फुगोबा आलाय!” म्हणून वेळेत मळता आलं. उन्हाळ्यात मी १० ग्रॅम आंबवणाला ५० ग्रॅम कणीक आणि माठातलं ५० ग्रॅम पाणी घालते. खाऊ जास्त, म्हणून फुगायला वेळ लागतो.

गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, बुरशी धरली, तर मात्र नाव ठेवत बसू नका, सगळं फेकून द्या.