आउट ऑफ ऑफिसचा मेल आल्यावर फॉलो-अप कसा बदलायचा? या चुका टाळा

कोल्ड ईमेलचं काम करणाऱ्या बहुतेक टीममध्ये आउट ऑफ ऑफिसचे मेल कोणी वाचत नाही. रोज पाच-पन्नास येतात, एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि सीक्वेन्स आपला पुढे चालू राहतो. खरं तर ज्याने अजून आपल्याला एक ओळही लिहिलेली नाही त्याच्याबद्दलची नेमकी माहिती त्याच मेलमध्ये असते: तो कधी परत येणार, त्याच्या जागी कोण बघतंय, कधीकधी तर तो कंपनीत राहिलाय की नाही हेसुद्धा. ती माहिती मशीनवर सोडली की पुढच्या गडबडी सुरू होतात.

टूल त्या मेलला काय समजतं, हे न तपासणं

पहिली चूक सेटिंगमधली असते. सीक्वेन्सच्या बहुतेक टूलमध्ये ‘रिप्लाय आला की थांबव’ असा नियम असतो. काही टूल ऑटो-रिप्लायलाही खरा रिप्लाय धरतात आणि सीक्वेन्स कायमचा बंद करतात. आठवडाभर सुट्टीवर गेलेला माणूस मग तुमच्या यादीतून गुपचूप नाहीसा होतो, वर रिपोर्टमधला रिप्लाय रेट फुगलेला दिसतो. काही टूल उलट करतात. ऑटो-रिप्लाय ओळखतात, पण ओळखून सोडून देतात, आणि माणूस गावी असताना दुसरा-तिसरा मेल जात राहतो.

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते बघायला फार वेळ लागत नाही. एखादा आउट ऑफ ऑफिस मेल उघडा, त्याचे हेडर बघा (जीमेलमध्ये `Show original`), आणि त्या कॉन्टॅक्टची टूलमधली स्थिती शेजारी ठेवून ताडून पाहा. शिस्तीत पाठवलेल्या ऑटो-रिप्लायमध्ये अशी ओळ असते:

```
Auto-Submitted: auto-replied
```

कुठे `auto-replied` ऐवजी `auto-generated` दिसेल. ही पद्धत २००४ च्या `RFC 3834` मध्ये लिहून ठेवलेली आहे. या ओळीवरून मेल मशीनने पाठवला एवढंच कळतं. आत काय लिहिलंय ते माणसानेच वाचायला हवं, कारण ‘सोमवारी परत येतोय’ आणि ‘मी आता या कंपनीत नाही’ या दोन्ही मेलना हेडर सारखंच असतं.

दुसऱ्यांदा ऑटो-रिप्लाय आला नाही, म्हणजे माणूस परतला असं धरणं

ही चूक जुन्याजाणत्यांकडूनही होते. पहिल्या मेलला आउट ऑफ ऑफिस आला, तीन दिवसांनी पाठवलेल्याला काहीच आलं नाही, तेव्हा लोक समजतात की साहेब ऑफिसात आलेत आणि आपल्याला टाळताहेत. पण आउटलुक-एक्स्चेंजवर ऑटो-रिप्लाय चालू असेपर्यंत एका पाठवणाऱ्याला साधारणपणे तो एकदाच जातो. जीमेलचा व्हेकेशन रिस्पॉन्डर त्याच माणसाला चार दिवस उलटल्याशिवाय पुन्हा उत्तर देत नाही. म्हणून त्या शांततेवरून काहीच ठरवता येत नाही. भरवसा ठेवायचा तो पहिल्या मेलमध्ये लिहिलेल्या तारखेवर.

तीच तारीख नीट वाचा. ‘१६ पर्यंत रजेवर’ आणि ‘१६ ला हजर’ यात एका दिवसाचं अंतर आहे, आणि शनिवार-रविवार मध्ये आले तर ते तीन दिवसांचं होतं. अमेरिकी ग्राहकाने 10/11 लिहिलं असेल तर ते ११ ऑक्टोबर, आपल्याकडच्याने लिहिलं तर १० नोव्हेंबर. आणि लिहिलेली तारीख कधीच उलटून गेली असेल, तर तो माणूस ऑटो-रिप्लाय बंद करायला विसरलाय. तो जागेवर आहे असं धरून चाला.

परतण्याच्या दिवशीच मेल टाकणं

एक उदाहरण तारखांसकट बघू. समजा पुण्यातली एक कॅलिब्रेशन लॅब आहे. गेज, प्रेशर ट्रान्समीटर वगैरेंचं कॅलिब्रेशन करून देते आणि चाकणच्या कारखान्यांमधल्या क्वालिटी मॅनेजरना मेल करते. सीक्वेन्स चार मेलचा: पहिला, चौथा, नववा आणि सोळावा दिवस. पहिला मेल सोमवारी, ५ ऑक्टोबर २०२६ ला गेला. मॅनेजर मॅडमचा ऑटो-रिप्लाय आला की १६ ऑक्टोबरपर्यंत रजेवर आहे, तातडीचं काही असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा.

सीक्वेन्स तसाच सोडला तर दुसरा मेल ८ तारखेला आणि तिसरा १३ ला जातो. दोन्ही वेळी मॅडम रजेवर आहेत. चौथा, ‘हा माझा शेवटचा मेल’ असं म्हणणारा, २० तारखेला म्हणजे ऐन दसऱ्याच्या दिवशी पडतो. रजेवरून आल्यावर त्यांना एकाच अनोळखी माणसाचे तीन मेल आणि पाठोपाठ एक निरोपाचा मेल दिसणार. शेवटच्या मेलमधलं ‘तुमच्याकडून काही उत्तर आलं नाही’ हे वाक्य तर सरळ अन्याय करणारं आहे. आपण रजेवर आहोत हे त्यांनी पहिल्याच दिवशी कळवलं होतं.

१६ ला शुक्रवार, म्हणजे मॅडम सोमवारी १९ ला येणार. म्हणून टूलने ‘१९ ला पुन्हा सुरू’ असं सुचवलं तरी ते मानू नका. त्या दिवशी दोन आठवड्यांचे मेल साठलेले असतात आणि अनोळखी मेल सगळ्यात आधी डिलीट होतात. दुसऱ्या दिवशी दसरा. बुधवारी खऱ्या कामाला हात लागतो. म्हणून दुसरा मेल गुरुवारी, २२ ऑक्टोबरला. मूळचं पाच दिवसांचं अंतर राखलं तर तिसरा मंगळवारी, २७ ला. चौथा सात दिवसांनी ३ नोव्हेंबरला येतो, पण लक्ष्मीपूजन ८ ला आहे आणि दिवाळीच्या तोंडावर कारखान्यात डिस्पॅचची घाई असते. तो भाऊबीज उलटल्यावर, १७ नोव्हेंबरला टाकावा.

दुसऱ्या मेलचा मजकूरही बदलायला हवा. ‘माझा मागचा मेल पाहिलात का?’ हे वाक्य काढून टाका. ‘तुम्ही रजेवर असताना लिहिलं होतं, म्हणून मुद्दा दोन ओळींत पुन्हा मांडतो’ एवढं पुरे. रजेचं कारण लिहिलेलं असलं, आजारपण, घरातलं कार्य, बाळंतपण, काहीही, तरी त्याचा उल्लेख विक्रीच्या मेलमध्ये करू नये. ते कारण त्यांनी आपल्यासाठी लिहिलेलं नव्हतं. मॅटर्निटी लीव्ह आपल्याकडे कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत असते. तिथे पॉज करून वाट बघण्यात अर्थ नाही. त्या काळात ते काम ज्यांच्याकडे असेल त्यांच्याशी बोला.

बदली माणसाला सरळ सीक्वेन्समध्ये ढकलणं

ऑटो-रिप्लायमधला दुसरा ईमेल आयडी उचलून यादीत टाकायचा मोह फार होतो, काही टूल तर ते आपोआप करतात. पण तो पत्ता तातडीच्या कामासाठी दिलेला असतो, आणि आपला पहिलाच विक्रीचा मेल तातडीचा नसतो. रजा छोटी असेल तर त्या सहकाऱ्याला अजिबात लिहू नका. दिलेल्या कोटेशनची मुदत संपत असेल, त्यांच्या ऑडिटची तारीख जवळ असेल किंवा रजा काही महिन्यांची असेल तेव्हाच लिहा. तेही हाताने, एकच मेल. ‘मॅडमच्या ऑटो-रिप्लायमध्ये आपलं नाव होतं, हा विषय आपल्याकडे येतो का, की त्या परतेपर्यंत थांबू?’ उत्तर आलं नाही तर विषय तिथेच सोडा.

नोकरी बदलल्याच्या खुणा चुकीच्या वाचणं

मेल बाउन्स झाला म्हणजे माणूस गेला, असं दर वेळी नसतं. बाउन्समधला कोड बघा. `5.1.1` किंवा मायक्रोसॉफ्टकडचा `5.1.10` असेल तर तो पत्ता तिथे अस्तित्वात नाही: माणूस गेला असेल किंवा मुळात पत्ताच चुकीचा असेल. `5.2.2` म्हणजे मेलबॉक्स भरलाय. `5.7.1` असेल तर बहुतेक वेळा त्यांच्या सर्व्हरने तुम्हाला अडवलंय, माणूस जागेवरच आहे. अशाला ‘नोकरी सोडली’ असा शिक्का मारला तर चालू खातं हातचं जातं. उलट बाजूही लक्षात ठेवा. बाउन्स झाला नाही म्हणजे माणूस तिथे आहेच असं नाही. सोडून गेलेल्याचे मेल अनेक कंपन्या त्याच्या साहेबांकडे वळवतात.

लिंक्डइनवरची माहितीही उशिरा बदलते. दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड इथे नेहमीचा, आणि नव्या ठिकाणी रुजू होईपर्यंत लोक प्रोफाइलला हात लावत नाहीत. त्याच कंपनीत पद बदललं तर अलर्ट तसाच येतो, पण अर्थ वेगळा असतो. क्वालिटीतला माणूस प्लांट हेड झाला तर आता तो स्वतः गेज बघणार नाही, मंजुरी मात्र त्याचीच लागेल.

नोकरी खरंच बदलली असेल तर तिथून दोन वेगळी कामं सुरू होतात आणि ती एकत्र करायची नाहीत. जुन्या कंपनीत त्या खुर्चीवर कोण आलं ते शोधायचं. नव्या माणसाला आधी काय बोलणं झालं होतं ते थोडक्यात सांगायचं, ‘ठरलंच होतं’ असा आव न आणता. हे काम आधी करा, कारण मशीन तिथेच आहेत आणि कॅलिब्रेशनची मुदतही तिथलीच आहे. गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणी लिहायचं तर नवा थ्रेड उघडा. जुना थ्रेड पुढे ढकलला तर आधीच्या कंपनीचे रेट, मशीनची यादी, प्लांटमधल्या अडचणी सगळं नव्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं, आणि त्या माणसालाच अडचणीत आणतं. नवा ईमेल आयडी नावाच्या पॅटर्नवरून अंदाजाने बनवू नका, लिंक्डइनवर विचारा. रुजू झाल्याच्या दिवशी अभिनंदनाच्या आडून विक्री करू नका. महिना-दीड महिना जाऊ द्या, म्हणजे तिथे कोणती कामं कोणाकडे आहेत ते त्यालाही कळलेलं असतं.

एक गोष्ट हमखास निसटते. त्या माणसाने जुन्या नोकरीत असताना ‘मला मेल पाठवू नका’ असं सांगितलं असेल, तर तो नकार त्याचा आहे. टूलची ब्लॉक लिस्ट ईमेल आयडीवर चालते, आयडी बदलला की तो माणूस पुन्हा कोरा दिसतो आणि सीक्वेन्स पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून सीआरएममध्ये नकाराची नोंद आयडीवर न ठेवता माणसाच्या रेकॉर्डवर ठेवा, आणि जॉब चेंजच्या यादीतलं प्रत्येक नाव त्या नोंदीशी ताडून मगच पुढे पाठवा.