आईची भीती घालवायची आहे? मग या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात आई न्यूमोनियातून उठली. दवाखान्यात नऊ दिवस काढून नंदनवनच्या घरी परतली, ती भीती घेऊनच. वय चौऱ्याहत्तर, घरात एकटी. मी त्रिमूर्तीनगरला राहते. आंघोळीला जायचं तर शेजारच्या काकूंना दाराबाहेर खुर्ची टाकून बसवायची आणि कडी लावायचीच नाही. दिवसातून आठ-नऊ वेळा मला फोन यायचा, "अगं, मले कसंतरी होऊन राहिलं."

पहिली चूक माझीच. "सगळं मनाचं आहे" असं मी ठरवून टाकलं. डॉक्टरांनी मात्र आईला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजलं आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजलं. आडवी असताना वरचा आकडा १३८ होता, उभी राहिल्यावर ११२. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर चक्कर येऊ शकते, आणि आईला ती बाथरूममध्येच यायची, कारण पाटावरून उठताना. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, बाहेर नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून ही पाणीच कमी प्यायची. डॉक्टरांनी गोळीत बदल केला, आम्ही पाटाऐवजी स्टूल ठेवला आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम हेही एकदा बघून घ्यावं. दम्याचा पंप वापरत असतील तर त्यानेही छाती धडधडते. गोळी मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

चक्कर गेली, भीती मात्र राहिली. इथे दुसरी चूक सापडली, बीपीचं मशीन. तिच्या वहीत एका दिवसाच्या चौदा नोंदी होत्या. रात्री अकराला १६८ दिसलं की घाबरायची, पाच मिनिटांनी परत मोजायची, तेव्हा १७६! घाबरलेल्या माणसाचं बीपी चढणारच. मशीन मी कपाटात ठेवलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, बस. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, पट्टा छातीच्या उंचीवर, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. चहा घेतल्यावर अर्धा तास मोजायचं नाही. ती वही डॉक्टरांना दाखवता येते, चौदा नोंदींच्या वहीतून काही कळत नाही.

फोनचंही तसंच होतं. "काही होणार नाही, आई" असं मी दर वेळी म्हणायची. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि तासाभरात पुन्हा फोन. धीर देणंच सवय होऊन बसतं. मग सकाळी साडेआठ आणि रात्री नऊ अशा दोन वेळा ठरवल्या. मधे फोन आला तर एवढंच विचारायचं: छातीत दुखतंय का, दम लागतोय का, बोलताना जीभ अडखळते का, हातपाय एका बाजूने ढिले पडलेत का? यातलं काही असेल तर लगेच १०८. नसेल तर, "बरं, नऊला बोलू." पहिला आठवडा जड गेला, तिलाही आणि मलाही. दादाला तर मी निष्ठुर वाटले.

तिसरी चूक होता होता राहिली. कुणीतरी झोपेची गोळी आणून दिली होती, "अर्धीच द्या" म्हणून. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, गोंधळ उडतो, पडायची भीती खरी ठरते. आधीच सुरू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि एका-दोन दिवसांत माणूस अचानक भलतंच बोलू लागला, दिवस-रात्र विसरला, तर ती भीती नाही. संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

आता बाथरूमची कडी. "काकू, उद्यापासून येऊ नका" असं म्हटलं असतं तर आईने आंघोळच टाळली असती. म्हणून आधी बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवली. पहिले चार दिवस काकू दाराशी, पण दार लोटलेलं. मग काकू अंगणात. मग त्यांच्याच घरात, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. प्रत्येक पायरीवर भीती आपसूक उतरेपर्यंत थांबायचं. भीती चढलेली असताना माघार घेतली तर दुसऱ्या दिवशी ती पायरी आणखी उंच वाटते. एकदा काकूंना बाजारात जावं लागलं, आई घाबरली, तेव्हा एक पायरी मागे येऊन तीन दिवस तिथेच थांबलो. दीड महिना लागला. इतकं करूनही झोप-जेवण सुटलेलं असेल, रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर मराठीतूनही बोलता येतं.

परवा गेले तर कडी आतून लागलेली होती. काकू आपल्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझी आई आत गेली अन् मले सांगितलंबी नाही."