गोषवारा मागितलाय, पण कागदच आला नाही: उत्तर कसं द्यावं

नाशिकला सीबीएसजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कागदपत्रांचे गोषवारे काढण्याचं काम केलं, आता घरून करते. खरेदीखतं, भाडेकरार, सोसायट्यांचे ठराव, फेरफार, द्राक्ष बागायतदारांचे करार असं सगळं येतं. आठवड्यातून एकदा तरी असा मेसेज असतोच: ‘सोबतचा करार वाचून संध्याकाळपर्यंत दोन पानांत सारांश द्या.’ सोबत काहीच नसतं. ‘फाइल पाठवा’ एवढं उत्तर टाका, असा सल्ला सगळे देतात. तेवढ्यानं भागत नाही.

आधी पाच मिनिटं थांबा आणि शोधा

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आणि पीडीएफ हे बऱ्याचदा दोन वेगळे मेसेज असतात. समोरचा दिंडोरीच्या बागेत किंवा बसमध्ये असेल तर मजकूर लगेच येतो, स्कॅन केलेली जड फाइल मागून येते. मेल असेल तर स्पॅम बघा. आलेल्या मजकुरात ड्राइव्हची लिंक आहे का बघा. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली जात नाही, तिची लिंक होते, आणि उघडताना `Request access` दिसलं तर फाइल पाठवली आहे, फक्त तुम्हाला परवानगी नाही. `winmail.dat` नावाचं काही आलं असेल तर कागद त्याच्या आत अडकलेला असू शकतो. तेव्हा पीडीएफ करून परत मागा.

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं. पक्षकार वकिलांना करार मेलनं पाठवतो. वकील त्याच मेलला रिप्लाय करतात आणि सीसीमध्ये तुमचं नाव घालतात. रिप्लायमध्ये मूळ जोडलेली फाइल पुढे जात नाही, फॉरवर्ड केलं तरच जाते. वकिलांच्या स्क्रीनवर वरच्याच मेलमध्ये करार दिसत असतो, त्यामुळे तो तुमच्याकडेही पोहोचला असं ते मनापासून धरून चालतात. मेलच्या खाली जुनी साखळी दिसली, तर उत्तरात सरळ ‘मूळ मेल फॉरवर्ड कराल का’ असं लिहा. काम एका फेरीत होतं.

अवघड जागा: तुमच्याकडे ‘तोच’ कागद आहे असं वाटतं तेव्हा

इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पिंपळगावकडच्या एका शीतगृहाच्या भाडेकराराचं काम सुरू होतं. वकील साहेबांचा मेसेज आला, ‘ताई, कराराचा गोषवारा आज हवा.’ फाइल नव्हती. पण आठवड्यापूर्वीचा मसुदा माझ्याकडे होता. मी विचारलं, ‘शीतगृहाच्याच कराराचा ना?’ त्यांनी अंगठा पाठवला. मी निर्धास्तपणे जुना मसुदा वाचला आणि गोषवारा दिला. माझ्या मसुद्यात करार सोडण्याची नोटीस ३ महिन्यांची होती. मधल्या काळात ती बदलून ६ महिने झाली होती आणि अनामतीचं कलमही नवीन आलं होतं. गोषवारा पक्षकाराच्या मुलाकडे गेला. त्यानं ३ महिने धरून दुसऱ्या जागेचं बोलणं सुरूही केलं. ते मागे घेताना त्याला जो मनस्ताप झाला, तो मी विसरलेले नाही.

चूक फक्त जुना मसुदा घेण्यात नव्हती, मी चुकीचा प्रश्न विचारला होता. ‘तोच करार ना?’ असं विचारलं की कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. त्याच्या डोळ्यासमोर शेवटचा मसुदा असतो, तुमच्यासमोर आठवड्यापूर्वीचा, आणि ‘हो’ दोघांनाही बरोबर वाटतं. म्हणून माझा नियम पक्का आहे: कागद माझ्याकडे आहे असं वाटलं तरी तो परत पाठवायला सांगायचा. ‘हो’ किंवा अंगठा आला तरी काम सुरू करायचं नाही, फाइल आल्यावरच करायचं.

दुसरा मोह याहून वाईट. पुष्कळ करार पाहिलेल्या माणसाला न बघताही भाडेकराराचा गोषवारा लिहिता येतो: मुदत, भाडं, अनामत, दुरुस्ती कोणी करायची, वाद कुठे चालायचा. तो वाचायलाही छान वाटतो, म्हणूनच घातक आहे. ज्याला मूळ करार वाचायला वेळ नाही, तोच गोषवारा मागतो. चूक त्याला दिसणारच नाही. यावर माझा उपाय असा की गोषवाऱ्याच्या प्रत्येक ओळीपुढे मूळ कागदाचा पान क्रमांक घालते. जिच्यापुढे पान घालता येत नाही, ती ओळ काढून टाकते.

उत्तर असं लिहा

‘तुम्ही फाइल जोडायला विसरलात’ असं लिहू नका. बऱ्याचदा ते खरं नसतं, आणि वयानं मोठ्या माणसाला ते लागतं. काय पोहोचलं आणि काय पोहोचलं नाही एवढंच सांगा. मी असं लिहिते:

‘नमस्कार सर. आपला ११.४० चा मेल मिळाला, पण त्यासोबत फाइल आलेली नाही. स्पॅम आणि व्हॉट्सअ‍ॅपही पाहिलं. शीतगृहाच्या कराराचा ३ तारखेचा १४ पानी मसुदा माझ्याकडे आहे, पण तो शेवटचा आहे की नाही हे मला माहीत नसल्यानं त्यावर काम सुरू केलेलं नाही. ज्याचा गोषवारा हवा ती फाइल परत पाठवाल का? गोषवारा पक्षकारासाठी की आपल्यासाठी, तेही कळवा. फाइल २ पर्यंत मिळाली तर ६ पर्यंत देते.’

यात तारीख आणि पानांची संख्या मुद्दाम घातली आहे. ‘१४ पानी’ वाचल्यावर ज्याच्याकडे १७ पानांचा करार आहे तो लगेच थबकतो. शेवटची वेळही तितकीच गरजेची, नाहीतर साहेब फाइल साडेपाचला पाठवतात आणि सहाची अपेक्षा तशीच राहते. प्रश्न मात्र दोनच ठेवा. पाच विचारले की एकाचंच उत्तर येतं, आणि ते फाइलबद्दलचं नसतं.

मेसेज ग्रुपवर आला असला तरी उत्तर पाठवणाऱ्यालाच द्या. तासाभरात हवं असेल तर लिहीत बसू नका, फोन करा.

एकच अपवाद मी करते. शासन निर्णयाचा गोषवारा हवा असेल आणि समोरच्यानं त्याचा १८ अंकी संकेतांक दिला असेल, तर तो शासनाच्या संकेतस्थळावरून मीच उतरवून घेते. नुसतं ‘तो शेततळ्याचा जीआर’ म्हटलं तर नाही, कारण एकाच विषयावर पुढे शुद्धिपत्रकं निघत राहतात.

फाइल आल्यावर

पहिलं आणि शेवटचं पान उघडा. नोंदणी झालेला दस्त असेल तर पानांवरच्या शिक्क्यात दस्त क्रमांक आणि पान क्रमांक असतो, एकूण पानंही दिलेली असतात. ३२ पैकी ३१ पानंच स्कॅन झाली असतील तर तिथेच कळतं. मग ‘१७ पानी, १० तारखेचा करार मिळाला, सुरू करते’ एवढी ओळ पाठवा आणि कामाला लागा.