मेणकिडा पेटीत दिसला, तर आधी राणी शोधा

मधमाशीपालनाच्या तिसऱ्या वर्षी फुलोरा ओसरल्यावर एका पेटीच्या तळपाटावर मला खसखशीएवढे काळे कण आणि मेणाचा भुगा दिसला. दहा चौकटींपैकी कडेच्या दोन जुन्या, काळपट पोळ्यांमध्ये रेशमी जाळीचे बोगदे होते आणि त्यांतून मेणकिडा या पतंगाच्या तपकिरी डोक्याच्या मळकट पांढऱ्या अळ्या चपळाईने मागे सरकत होत्या. मधल्या एका पोळ्यावर पिलाव्याची, म्हणजे माश्यांच्या वाढत्या पिलांच्या घरांची, झाकणे सरळ रेषेत उघडी पडून कोषांची डोकी दिसत होती. अशी सलग रेष बहुधा झाकणांखालून गेलेल्या अळीची असते. झाकणे विस्कळीतपणे उघडी असतील, तर मात्र रोगाची शंका घ्यावी.

मी अळ्या वेचल्या, जाळी खरवडली आणि सगळ्या चौकटी परत ठेवल्या. दोन आठवड्यांत किडा पुन्हा पसरला. तेव्हा मी एकेक चौकट उन्हाकडे धरून पाहिली, तर ताजे अंडे एकही नव्हते. राणी केव्हाच नाहीशी झाली होती आणि उरलेल्या माश्या जेमतेम चार चौकटी झाकत होत्या. मेणकिड्याची अळी नुसत्या मेणावर नीट वाढत नाही. तिला जुन्या पोळ्यातील परागकण आणि पिलाव्याच्या कोशांची कात लागते. म्हणून माश्यांचा पहारा नसलेले काळे पोळे तिला सर्वांत सोयीचे असते.

मग मी सहा चौकटी काढल्या, उरलेल्यांच्या बाजूला आडपाट लावला आणि प्रवेशद्वार लहान केले. माश्यांत रोगाची लक्षणे नसल्याची खात्री करून, मध्ये बारीक चिरा पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून ती वसाहत राणी असलेल्या सशक्त वसाहतीवर चढवली. कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा गंध एकमेकांत मिसळतो आणि भांडण टळते.

तेव्हापासून माझे वर्षाचे काम याच हिशेबाने चालते. फुलोऱ्यात मधकोठी तेव्हाच चढवतो, जेव्हा खालच्या जवळजवळ सर्व चौकटी माश्यांनी भरलेल्या असतात. मध काढल्यावर टंचाईच्या काळात दर पंधरवड्याला तळपाट साफ करतो आणि माश्या जेवढ्या चौकटी झाकतील तेवढ्याच आत ठेवतो. काढलेली पोळी पिशवीत बांधून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली की अंडीही मरतात. पण गोठवण्याने पुढचे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे नंतर ती पतंग शिरू न शकणाऱ्या बंदिस्त जागी ठेवावी लागतात. डांबरगोळ्या मी कधीच वापरत नाही, कारण त्यांचा अंश मेणात आणि मधात उतरतो.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की पुरते, मात्र वाट्या सुकू देऊ नयेत. माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्याचे तसे नाही. तो सशक्त वसाहतीलाही आतून पोखरतो आणि मेणकिड्याला वाट मोकळी करून देतो, म्हणून जाळी दिसलेल्या पेटीत राणीपाठोपाठ मी पिठीसाखर भुरभुरून कोळी मोजतो.