ग्रीक क्रियापदाचा उपसर्ग कसा वाचावा: नव्या करारातील ‘काता’

हार, प्रहार, संहार ही कसरत शाळेत केलेल्या मराठी वाचकाला ग्रीक उपसर्ग परके वाटू नयेत. तरी अडचण येते, कारण एकच उपसर्ग कधी दिशा दाखवतो, तर कधी क्रियेला जोर देतो. त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातला ‘काता’ घेऊ. त्याचा मूळ अर्थ ‘खाली’.

आधी उपसर्ग सोडवा. लूक १०:३० मध्ये एक माणूस यरुशलेमहून यरीहोला जातो, तिथे शब्द आहे ‘कातेबाइनेन’. यातला ‘ए’ भूतकाळाची खूण आहे, आणि तो उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये घुसतो. त्याच्यापुढे ‘काता’मधला शेवटचा ‘आ’ गळतो. म्हणून कोशात ‘काते’ शोधून काही मिळत नाही. ‘काताबाइनो’ शोधावे लागते.

मग दिशेचा अर्थ लावून पाहा. ‘बाइनो’ म्हणजे चालणे, तेव्हा ‘काताबाइनो’ म्हणजे उतरणे. यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, त्यामुळे इथे दिशा अक्षरशः खरी आहे.

दिशा बसत नसेल, तर त्याच लेखकाने तेच क्रियापद उपसर्गाशिवाय कुठे वापरले आहे ते शोधा. माझ्या मते ही पायरी सगळ्यात मोलाची. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक १५) खाण्याचा उल्लेख अनेकदा येतो. डुकरे शेंगा खातात तिथे ‘एस्थिओन’, बाप ‘खाऊ आणि आनंद करू’ म्हणतो तिथे ‘फागोन्तेस’. (दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे, आपल्या ‘जातो’ आणि ‘गेला’सारखी.) पण तिसाव्या ओवीत थोरला भाऊ चिडून धाकट्याने उधळलेल्या बापाच्या मालमत्तेबद्दल बोलतो, तेव्हा तो ‘काताफागोन’ म्हणतो. मालमत्ता काही खाली बसून खाल्लेली नाही. ती पार खाऊन टाकली आहे. मराठी हे काम ‘टाकणे’ या क्रियापदाकडून करून घेते, ग्रीक उपसर्गाकडून. भाषांतरात नुसते ‘खाल्ली’ लिहिले, तर थोरल्याचा राग निम्मा गळतो.

मात्र जोर शोधायची सवय लागली की तो नाही तिथेही दिसू लागतो. ‘गिनोस्को’ म्हणजे जाणणे आणि ‘आना’ म्हणजे वर किंवा पुन्हा. म्हणून ‘आनागिनोस्को’चा अर्थ ‘खोलवर जाणणे’ करायला गेलात तर फसाल. रूढ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ ‘वाचणे’ असा आहे. त्यामुळे फोड केल्यावर कोशातला रूढ अर्थ पाहायलाच हवा. प्रेषितांची कृत्ये ८:३० मध्ये रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो, ‘गिनोस्केइस हा आनागिनोस्केइस?’ म्हणजे, जे वाचतोस ते समजते का?