ऑफिसच्या ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत हिशेब बघत माझी अठरा वर्षं गेली. एवढ्या काळात पुण्याला नोकरी लागलेली इतकी पोरं बघितली, की कोण निघणार हे मला जेवणाच्या डब्यावरून कळतं. निघायचं ठरलं की माणूस डबा आणायचं बंद करतो आणि पार्क चौकात जाऊन खातो. निघा, खुशाल निघा. पण जाताना ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे टाकता ते नीट टाका हो. दर वेळी तेच घोळ, आणि निस्तरायला आम्ही.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. मालकांना सांगून झालं म्हणजे सगळ्यांना सांगायला मोकळा झालो, असं पोरांना वाटतं. आमच्याकडे निर्यातीची कागदपत्रं बघणारा एक पोरगा होता. कामाला वाघ, पण दम म्हणून नाही. राजीनामा दिला तेव्हा मालक म्हणाले, "तुझ्या जागी कोण ते ठरू दे, मग मीच ग्रुपवर सांगतो." हा हो म्हणाला. आणि सुट्टीच्या आदल्या रात्री पावणेबाराला, मित्रांसोबत बसलेला असताना, याला भरून आलं. "प्रिय सहकाऱ्यांनो" पासून सुरू करून हा भला मोठा मेसेज. तोही स्टाफच्या ग्रुपवर नाही, डिस्पॅचच्या ग्रुपवर. त्या ग्रुपात आमची माणसं होतीच, पण ट्रान्सपोर्टवाला होता, खोकी पुरवणारा होता आणि मुंबईचा एजंटही होता.

खरी गंमत पुढे. चूक लक्षात आल्यावर यानं घाईघाईत मेसेज दाबून धरला आणि Delete for everyone ऐवजी Delete for me दाबलं. मेसेज याच्या फोनवरून गेला, बाकी त्रेचाळीस जणांच्या फोनवर तसाच. अशा वेळी खाली काही सेकंद Undo दिसतं, ते दाबलं की मेसेज परत येतो आणि मग नीट काढता येतो. याला ते माहीत नव्हतं. आता जो मेसेज दिसतच नाही तो सगळ्यांचा कसा काढणार? ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याचाही मेसेज काढू शकतो, पण अ‍ॅडमिन मालक, आणि मालक फोन बंद करून झोपलेले. सकाळी सातला एजंटचा मालकांना फोन: "न्हावा शेवाला जायचा कंटेनर भरलाय, त्याची कागदं आता कोण बघणार?" ज्याची नेमणूकच झाली नव्हती त्याचं नाव मालकांनी तिथल्या तिथं सांगितलं. तो मीच होतो. पुढचे दोन महिने हिशेब सांभाळून शिपिंग बिलंही मी बघितली.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय, आणि जो विचारेल त्याला हेच सांगतो. मेसेज शेवटच्या दिवशीच टाकायचा, दुपारी चारच्या चहानंतर. तोवर मालकांनी सांगितलेलं असतं, कामं सोपवून झालेली असतात, आणि सुटायला दीड तास असतो, म्हणजे ज्याला भेटायचंय तो टेबलापाशी येऊन भेटतो. मजकूर ग्रुपात टाइप करायचाच नाही. स्वतःच्याच नंबरला पाठवायचा, एकदा वाचायचा, मग तिथून फॉरवर्ड करताना ग्रुपचं नाव मोठ्यानं वाचायचं. हसतात मला, हसू देत. आणि टाकल्यावर एखादी चूक दिसली तर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येते, पण मेसेजच्या वेळेशेजारी Edited दिसतं. म्हणून आधीच वाचा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इथं येण्याआधी मी दुसऱ्या कारखान्यात होतो. निघताना नावं घेऊन आभार मानले. चौदा नावं. विणकामवाले, शिवणवाले, पॅकिंगच्या ताया, गेटवरचे काका, सगळे. आणि डाईंगचे अप्पा राहिले. याच अप्पांनी शेड जुळत नव्हती तेव्हा रात्री थांबून तीनदा नमुना काढून दिला होता, म्हणून माझं बिल अडकलं नव्हतं. वीस मिनिटांनी आठवलं. मेसेज दुरुस्त करायची सोय तेव्हा नव्हतीच. मग मी दुसरा मेसेज टाकला, "आणि अप्पा राहिलेच की!" त्यानं काम आणखी बिघडलं. पंगत उठल्यावर एकट्याला पान वाढल्यासारखं झालं ते. अप्पांनी खाली नुसता अंगठा टाकला. संध्याकाळी भेटायला गेलो तर म्हणाले, "असू दे रे, घाईत होतास." घाईत नव्हतो, तेच वाईट वाटतं.

म्हणून ग्रुपवर नावांची यादी नको. नाव घ्यायचं तर फक्त पुढे काम कोण बघणार त्याचं. आभार ज्याचे त्याला तोंडावर सांगा, खात्यात जाऊन. शेंगाची पोळी नेलीत तर आणखी बरं.

इंटरनेटवरून उचललेले मेसेज तर लगेच ओळखू येतात. "आपल्या अमूल्य मार्गदर्शनाखाली व्यतीत केलेला कालखंड" असं आमच्या डिस्पॅचमध्ये कोणी बोलतं का? एकानं तर "येथे कंपनीचे नाव लिहा" हेसुद्धा तसंच ठेवलं होतं.

नव्या कंपनीचं नाव आणि पगार रुजू होईपर्यंत लिहू नका.

जुन्या भांडणाचा टोमणा नको. हिशेब पूर्ण व्हायचाय, अनुभवाचा दाखला मिळायचाय.

मग लिहायचं काय? मागच्या वर्षी स्टोअरमधल्या एका ताईनं टाकलेला मेसेज मला आवडला, साधारण असा होता: "आज माझा शेवटचा दिवस. सुताच्या आवकेची नोंद उद्यापासून स्टोअरमधले दादा बघतील, रजिस्टर आणि किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. मागच्या आठवड्यातली दोन चलनं यायची आहेत, त्यांची यादी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लावली आहे. सहा वर्षं इथं बरी गेली. काही अडलं तर माझ्या नंबरवर फोन करा, संध्याकाळी सातनंतर." पाच ओळी. तिच्या मेसेजखाली खरे शब्द आले, नुसती फुलं नाही.

मेसेज टाकून लगेच ग्रुप सोडू नका. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला माणूस नको का? मी जुन्या कारखान्याच्या ग्रुपातून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो होतो. हल्ली ग्रुप सोडला की फक्त अ‍ॅडमिनला सूचना जाते, तेव्हा लाजायचंही कारण नाही.

राहिला ऑफिसच्या सिमचा प्रश्न. पोरं सगळं व्हॉट्सअ‍ॅप कंपनीच्या नंबरवर चालवतात आणि शेवटच्या दिवशी सिम तसंच टेबलावर ठेवून जातात. त्याआधी सेटिंगमध्ये Account मधून Change number करून स्वतःच्या नंबरवर या. चॅट त्याच फोनवर राहतात आणि घरच्यांना नंबर बदलल्याचं तिथूनच कळवता येतं. मगच ऑफिसच्या ग्रुपांतून बाहेर पडा. नाहीतर तो नंबर ज्याला मिळेल, त्याच्याकडे तुमचे मेसेज जायला लागतात. आमच्याकडे असंच सिम एका नव्या पोराला मिळालं. पहिल्याच दिवशी साडेपाचला त्यानं भाबडेपणानं स्टाफच्या ग्रुपवर विचारलं, "येताना अर्धा किलो वांगी आणि कोथिंबीर आणायला कोणी सांगितलंय? मी आणू का?"