‘कसा आहेस?’ला महिन्याने उत्तर कसं द्यावं

सांगलीत आमराईत सकाळी फिरताना समोरून कुणी ‘काय, कसं काय?’ म्हटलं, तर आपल्या हातात जेमतेम एक सेकंद असतो. तेवढ्यात ‘बरंय की!’ आलं नाही, तर समोरच्याला वाटतं, ऐकू गेलं नाही किंवा काहीतरी बिनसलंय. फोनवर तर तेवढ्या शांततेत पलीकडून दुसरं ‘हॅलो?’ येतंच. संवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी 2009 मध्ये दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा सेकंद ताणला जातो. किती ताणायचा, हे मेसेज कशासाठी आलाय त्यावर ठरवा. नुसता ‘हाय’ असेल तर झोपायच्या आत उत्तर गेलं तरी चालतं. ‘हॅलो, आहेस का?’ असं असेल तर त्यामागे काहीतरी काम असतं. तिथे तास-दोन तासांत निदान ‘बोला’ एवढं तरी लिहावं. पावसाळ्यात इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की साताऱ्याच्या नातेवाइकांचा ‘कसे आहात?’ हा साधा नमस्कार राहत नाही. त्याला तिथल्या तिथे ‘घरीच आहोत, पाणी लांब आहे’ असं कळवा. खुशाली नंतर.

उत्तर राहून जातं ते बहुतेक वेळा वाचल्यामुळेच. निळ्या टिका झाल्या की चॅट खाली खाली जातं. म्हणून वाचून लगेच लिहिणं जमणार नसेल, तर चॅट दाबून धरून ते ‘न वाचलेलं’ करून ठेवा. समोरच्याच्या निळ्या टिका त्याने जात नाहीत, पण आपल्याला हिरवा ठिपका दिसत राहतो. ‘रात्री निवांत लिहितो’ असं मात्र जपून लिहा. त्या रात्री लिहिलं नाही तर एकाच्या दोन चुका होतात.

आता उशीर झालेलाच आहे, असं धरू. आमच्या जुन्या शेजारच्या काकू आता साताऱ्यात लेकाकडे असतात. त्यांनी लिहिलं होतं, ‘हॅलो, कसा आहेस? आज मेथीचे पराठे केले, तुझी आठवण आली.’ मी वाचलं, हसलो आणि सव्वीस दिवस गप्प बसलो.

लिहायला बसलो तेव्हा आधी फॅमिली ग्रुप आणि काकूंचे स्टेटस चाळले. ही पायरी चुकवू नका. मधल्या काळात घरात आजारपण किंवा कुणाचं जाणं झालं असेल, तर पराठ्यांवरचं हसू फार वाईट दिसतं. तसं असेल तर मेसेज नकोच, फोन करायचा.

पहिला मसुदा असा झाला: ‘सॉरी काकू, कामात इतका अडकलो होतो, त्यात मोबाईल बिघडला…’ पुसून टाकला. मोबाईल बिघडलेल्या त्या दिवसांत मी अंकलखोपच्या औदुंबरचे फोटो स्टेटसला टाकले होते आणि काकूंनी ते पाहिले होते. सबब लांबली की ती तपासली जाते. शिवाय समोरच्यालाच ‘अरे असू दे’ म्हणत आपली समजूत काढावी लागते.

मग त्यांचा जुना मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर जोडलं, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते कळावं. नुसतं ‘हॅलो काकू’ लिहिलं असतं, तर त्यांचं बोलणं हवेतच राहिलं असतं. पाठवलं ते असं:

‘काकू, नमस्कार. मेसेज त्याच दिवशी वाचला होता. निवांत लिहू म्हणता म्हणता महिना होत आला, चुकलंच माझं. पराठ्यांचं वाचून तुमच्या गॅलरीतली ती पत्र्याची खुर्ची आठवली. इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. तुम्ही संध्याकाळी अजून राजवाड्याकडे फिरायला जाता का?’

माफी एका वाक्यात आटोपली. मग त्यांच्याच गोष्टीतलं काहीतरी उचललं, आपली एक खरी बातमी दिली आणि शेवटी एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न ठेवला. पुतणीच्या ॲडमिशनबद्दल त्यांच्या लेकाला विचारायचं होतं, ते मुद्दाम यात घातलं नाही. महिन्याने आलेल्या नमस्काराला काम चिकटलं की नमस्कारच कामापुरता वाटतो. ते आठवड्याने वेगळं विचारता येतं.

वर्ष उलटलं असेल, तर जुन्या मेसेजला उत्तर जोडण्याचा हा मार्ग मला पटत नाही. वर्षापूर्वीची थकबाकी उकरून काढल्यासारखं होतं. त्यापेक्षा सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुभेच्छांची गर्दी ओसरली की, सरळ फोन लावावा.

काकूंच्या निळ्या टिका दहा मिनिटांत झाल्या. उत्तर दोन दिवस आलं नाही. ‘?’ पाठवायला बोट शिवशिवत होतं, पण कुठल्या तोंडाने पाठवणार? तिसऱ्या दिवशी दुपारी आलं: ‘जाते की. पण आता काठी घेऊन. आईला गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध म्हणावं.’